आईच्या सांबार मसाल्याचं माप पत्रातून कसं मागवायचं

प्रश्न: मी पुण्यात हॉस्टेलवर राहते. आई मूळची कुंभकोणमची, लग्न होऊन सोलापूरला आली. तिला पत्र लिहून सांबार मसाल्याचं एक्झॅक्ट माप विचारलं तर उत्तर आलं, "धणे ३ वाट्या, मिरच्या २ मुठी, दोन्ही डाळी अर्धी वाटी, मेथी २ चमचे, मिरी थोडी, हळकुंडं २, कढीपत्ता, हिंग अंदाजाने." तसाच केला तर मसाला कडू झाला आणि सांबार पिठल्यासारखं घट्ट. आईला ऐकू कमी येतं म्हणून फोनवर नीट बोलणं होत नाही. दुसऱ्या पत्रात नेमकं काय विचारू? माझ्याकडे छोटा वजनकाटा, इंडक्शन आणि रूममेटचा मिक्सर आहे.

उत्तर:

अगं, आईने माप दिलंय. ३ वाट्या, अर्धी वाटी, २ चमचे, हे सगळं मापच आहे, फक्त ते तिच्या वाटीचं आणि तिच्या चमच्याचं आहे आणि ती वाटी आणि तो चमचा दोन्ही सोलापुरात आहेत. तुझी अडचण आई मोघम सांगते ही नाहीये, तिच्या स्वयंपाकघरातलं मापटं तुझ्याकडे नाही ही आहे. त्यामुळे दुसऱ्या पत्रात परत "एक्झॅक्ट किती ग्रॅम" असं विचारलंस तर ती परत तेच लिहील, कारण तिने आयुष्यात हा मसाला ग्रॅममध्ये केलेलाच नाही. तिला जे हाताने करून बघता येईल आणि मोजून सांगता येईल असंच विचारायचं, ग्रॅम आपण इकडे काढू.

मी २१ वर्षं डोंबिवलीत ऑर्डरप्रमाणे मसाले करून देते. सांबार पोडी, म्हणजे हाच मसाला, मी सासूबाईंकडून शिकले, त्या पालघाटकडच्या घरातल्या, वाढल्या माटुंग्यात, आम्ही त्यांना अम्मा म्हणायचो. त्यांचंही माप असंच होतं आणि पहिल्याच मोठ्या ऑर्डरला मी तुझ्यासारखीच अडकले. वहीत लिहून घेतलं होतं "मेथी चमच्याने", आणि मी आमच्या घरातला पोह्यांचा चमचा शीग लावून घेतला. अम्मांचा चमचा म्हणजे कॉफी पावडरच्या डब्यात असायचा तो छोटा, आणि त्या तो वरून बोटाने सपाट करायच्या. नंतर दोन्ही काट्यावर ठेवून बघितले तर त्यांच्या चमच्यात ३ ग्रॅम मेथी आणि माझ्या चमच्यात ७. दोन किलो मसाला कडू झाला, तो कुणाला देता आला नाही. तेव्हापासून मी कुणाचंही माप लिहून घेताना पदार्थाच्या आधी भांडं विचारते.

आता तुझं नेमकं कुठे बिनसलं असेल ते बघू, कारण ते कळलं की पत्रात काय विचारायचं ते आपोआप कळतं.

वाटी बदलली तर सगळं बिघडतं असं लोकांना वाटतं, पण तसं नसतं. धणे ३ वाट्या आणि डाळ अर्धी वाटी हे दोन्ही एकाच वाटीने मोजलं तर वाटी लहान असो की मोठी, धणे आणि डाळीचं आपसातलं प्रमाण तेच राहतं, मसाला फक्त कमी किंवा जास्त होतो. बिघडतं ते वाटी आणि चमच्याचं नातं. आईची वाटी मोठी आणि चमचा छोटा असेल, आणि तू वाटी छोटी घेतलीस नि चमचा मोठा, की धणे कमी आणि मेथी दुप्पट. मेथी हा सांबार मसाल्यातला सगळ्यात नाजूक घटक आहे, धणे १० ग्रॅम इकडे तिकडे झाले तर जिभेला कळतही नाही पण मेथी ५ ग्रॅम जास्त झाली की सगळं सांबार कडसर लागतं. तुझा कडवटपणा बहुतेक इथून आलाय. दुसरी शक्यता मेथी जास्त भाजली गेल्याची, त्याकडे नंतर येते.

घट्टपणाचं कारण मला वेगळं वाटतं. आईचं वाक्य परत वाच, "दोन्ही डाळी अर्धी वाटी". म्हणजे तूरडाळ अर्धी आणि हरभराडाळ अर्धी, अशी एकूण एक वाटी? की दोन्ही मिळून अर्धी वाटी? तू एकूण एक वाटी घेतली असशील असं मी धरून चाललेय. कुंभकोणम-तंजावरकडच्या घरांमध्ये मसाल्यात डाळ असते, तिच्यामुळे सांबाराला थोडी दाटी येते, पण पिठलं व्हावं एवढी ती नसते. त्यात आणखी एक गोष्ट आहे, धणे आणि डाळ वाटीत सारखे दिसले तरी वजनाला सारखे नसतात. १५० मिलीच्या वाटीत सपाट भरले तर धणे साधारण ५० ग्रॅम बसतात आणि तीच वाटी तूरडाळीने भरली तर सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. धणे पोकळ, गोल, मधे हवा. डाळ चपटी, जड, एकमेकांवर बसणारी. त्यामुळे डाळीत अर्ध्या वाटीची चूक झाली तर वजनात ती धण्याच्या सव्वा वाटीएवढी होते.

आणि शीग. बहुतेक बायका धणे मोजताना वाटी पोत्यात किंवा डब्यात खुपसून वर काढतात तेव्हा वर डोंगर असतो, आणि डाळ मोजताना तीच वाटी सपाट भरतात, कारण डाळ ओघळते. हे त्यांना जाणवतही नाही. माझ्या वाटीत सपाट धणे ५० ग्रॅम आणि शीग लावून ६२-६३ ग्रॅम येतात, म्हणजे ३ वाट्यांना जवळजवळ ४० ग्रॅमचा फरक. हा फरक आई कधीच आपणहून लिहिणार नाही, तो तुलाच विचारावा लागेल.

आता काही गोष्टी मी इथे बसून ठरवू शकत नाही, त्या तुमच्या घरावर आहेत. तुझी आई मसाला भाजून करते की नुसता उन्हात वाळवून गिरणीत देते? तमिळनाडूत दोन्ही पद्धती आहेत. बऱ्याच घरांत सगळं जिन्नस कडक उन्हात वाळवतात, हळकुंडासकट गिरणीत दळून आणतात, भाजत नाहीत, आणि तो मसाला सांबारात चिंचेच्या पाण्याबरोबर चांगला उकळतात म्हणजे कच्चा वास जातो. सोलापूरला येऊन आईने भाजायला सुरुवात केली असेल, इकडचे मसाले आपण भाजूनच करतो. हे एक उत्तर मिळाल्याशिवाय बाकीची मापं बरोबर येऊनही चव जुळणार नाही. तसंच मिरची. सोलापूरच्या बाजारात ब्याडगी सहज मिळते, ती रंगाला जास्त आणि तिखटाला कमी, आणि गुंटूर घेतली तर उलट. कुंभकोणमकडून कुणी येताना गोल गुंडू मिरची आणत असेल तर मूठभर मिरच्यांचा हिशोबच वेगळा, कारण ब्याडगी लांब नि सुरकुतलेली, मुठीत कमी मावते.

तर पत्र. मी तुझ्या जागी असते तर असं लिहिलं असतं, तू तुझ्या शब्दांत लिही पण प्रश्न हेच ठेव:

"ती. आईस, सा. न. तू पाठवलेल्या मापाने मसाला केला, पण कडू झाला. चूक माझ्या वाटी-चमच्याची असावी, म्हणून आता थोडं वेगळं विचारते, मसाला करशील तेव्हा हे पत्र ओट्यावर ठेव आणि करता करता लिही. ज्या वाटीने धणे मोजतेस ती पाण्याने काठोकाठ भरून लिटरच्या रिकाम्या बाटलीत ओत, किती वाट्यांत बाटली भरते ते लिही. मेथीचा चमचा कुठला? त्याच चमच्याने खोकल्याच्या औषधाच्या टोपणात पाणी घाल, ५ च्या रेघेपर्यंत किती चमचे लागतात? धण्याची वाटी शीग लावून घेतेस की सपाट? मेथीचा चमचा? डाळी प्रत्येकी अर्धी वाटी की दोन्ही मिळून? दोन मुठी मिरच्या झाल्या की खाली ठेवून मोज आणि आकडा लिही, आणि त्यातल्या २ मिरच्या पाकिटात घाल. मिरी त्याच मेथीच्या चमच्याने किती? भाजतेस का? भाजत असशील तर भाजलेले ८-१० मेथीदाणे आणि ८-१० डाळीचे दाणे कागदाच्या पुडीत बांधून पाठव, मला रंग बघायचाय. हिंग खडा की पावडर? आणि सगळ्यात शेवटी, अर्धी वाटी डाळीच्या सांबाराला तू किती चमचे मसाला घालतेस? येताना कुणाबरोबर तुझ्या डब्यातला मसाला ५० ग्रॅमभर पाठव."

यातल्या काही प्रश्नांमागचं कारण सांगते. बाटलीचा प्रश्न यासाठी की आईकडे मोजपात्र नसेल पण पाण्याची लिटरची बाटली घरोघरी असते. ६ पेक्षा थोड्या जास्त वाट्या बसल्या तर वाटी १५० मिलीच्या आसपास, ५ बसल्या तर २०० मिलीची. बाटली काठोकाठ भरली तर लिटरपेक्षा थोडं जास्त मावतं, त्याने आपल्याला काही फरक पडत नाही. औषधाच्या टोपणावर रेघा असतात म्हणून चमच्यासाठी ते. आणि मिरच्या मोजायला सांगितल्या कारण मूठ हे माप दुसऱ्याला देताच येत नाही, तुझी मूठ आणि तिची मूठ वेगळी, पण ७० मिरच्या म्हणजे कुणाकडेही ७० मिरच्या. पाकिटातल्या दोन मिरच्या बघितल्यास की जात कळेल, आणि त्या तशाच मिळाल्या की त्या ७० तोलायच्या.

भाजलेले दाणे मागवण्याबद्दल तुला वाटेल की व्हिडीओ कॉल करून रंग बघता येईल. मी ते करून बघितलंय, ट्यूबलाइटखाली फोनच्या कॅमेऱ्यात मेथी एकदा पिवळी दिसते आणि एकदा तपकिरी, आणि आपल्याला हवा असलेला फरक तेवढाच असतो. दाणे हातात आले की तुझ्या कढईतले दाणे शेजारी ठेवून बघता येतात, आणि चावूनही बघता येतात.

आईला नवा मसाला लवकरच करायचा असेल तर यापेक्षाही भरवशाची एक पद्धत आहे, तिला झेपत असेल तरच सांग. प्रत्येक जिन्नसाचं नवं सीलबंद पाकीट घ्यायचं, धणे अर्धा किलोचं, मेथी १०० ग्रॅमचं वगैरे, त्यातून नेहमीच्या हाताने नेहमीसारखा मसाला करायचा, आणि उरलेलं पाकीट तसंच बांधून कोपऱ्यावरच्या वाण्याकडे नेऊन तोलून आणायचं. ५०० मधून उरलेले वजा केले की किती वापरले ते कळतं. आईला काही बदलावं लागत नाही, तिचा हात जसा चालतो तसा चालू द्यायचा. मी वयस्कर बायकांचं माप अजूनही असंच घेते, कारण समोर काटा ठेवला की त्या मोजून-मापून करायला लागतात आणि मग ते त्यांचं नेहमीचं राहत नाही. तोटा एकच, डब्यातले जुने धणे, अर्धं पाकीट असं काही वापरायचं नाही, सगळं नवं फोडावं लागतं.

आता समजा आईचं उत्तर आलं. मी अंदाजाने एक उत्तर धरते आणि हिशोब करून दाखवते, तुझे आकडे आले की तू तसाच कर.

समजा बाटलीत साडेसहा वाट्या बसल्या, म्हणजे वाटी १५० मिलीच्या जवळपास. धणे शीग लावून, म्हणजे ३ वाट्यांचे १९० ग्रॅम. डाळी दोन्ही मिळून अर्धी वाटी, म्हणजे साधारण ३० ग्रॅम तूरडाळ आणि ३० ग्रॅम हरभराडाळ. मिरच्या ७० निघाल्या आणि पाकिटात ब्याडगी आली, देठ काढलेली ब्याडगी माझ्या काट्यावर एकेक ग्रॅमच्या आसपास भरते, लहान-मोठ्या धरून ७० ग्रॅम म्हणू. मेथीचा चमचा छोटा आणि सपाट, २ चमचे म्हणजे ६ ग्रॅम. मिरी तोच एक चमचा, २ ग्रॅम, मिरी मेथीपेक्षा हलकी असते. हळकुंडं २, सुमारे १० ग्रॅम. एकूण झालं ३३८ ग्रॅम.

आता तू काय केलं असशील ते मांडू. तुझी वाटीही तेवढीच आहे असं धरलं तरी धणे सपाट भरले म्हणून १५० ग्रॅम, डाळी प्रत्येकी अर्धी म्हणून १२० ग्रॅम, मेथी मोठ्या चमच्याने शीग लावून १४ ग्रॅम, बाकी तेच. दोन्ही शेजारी ठेवून बघ. आईच्या मसाल्यात डाळ धण्याच्या एक तृतीयांशाहून कमी आणि तुझ्या मसाल्यात धण्याच्या चार पंचमांश. म्हणून पिठलं. मेथी तिच्याकडे ३३८ मध्ये ६, तुझ्याकडे ३६६ मध्ये १४, प्रमाणाने दुपटीहून जास्त. म्हणून कडू. दोघींच्या कागदावर मात्र तीच ओळ, धणे ३ वाट्या, डाळी अर्धी वाटी, मेथी २ चमचे.

तुला एकटीला ३३८ ग्रॅम नकोय. आठवड्यातून दोनदा सांबार केलंस आणि दर वेळी २ भरगच्च चमचे घातलेस तर महिन्याला ५०-६० ग्रॅम लागेल, आणि दोन महिन्यांत संपेल एवढाच करायचा, त्यापुढे दळलेल्या धण्याचा वास उतरतो. म्हणून वरच्या मापाचा तिसरा हिस्सा कर: धणे ६३ ग्रॅम, मिरच्या २३, दोन्ही डाळी १०-१० ग्रॅम, हळद ३ ग्रॅम, मेथी २ ग्रॅम, मिरी चिमूटभर. इथे तुझ्या काट्याची मर्यादा येते. बरेचसे छोटे काटे १ ग्रॅमपर्यंतच दाखवतात, २ ग्रॅम तोलताना तो दीड आहे की अडीच हे त्याला कळत नाही, आणि मेथीत नेमका तोच फरक महागात पडतो. म्हणून थेट २ ग्रॅम तोलू नको. पूर्ण ६ ग्रॅम तोल, पांढऱ्या कागदावर ओत, सुरीने तीन सारखे ढीग कर आणि त्यातला एक घे. बाकीचे दोन पुड्या बांधून ठेव, पुढच्या दोन वेळांना होतील. मिरी न तोलता छोट्या सपाट चमचाभर घे आणि तिचेही असेच तीन ढीग कर.

हळकुंड छोट्या मिक्सरमध्ये घालू नकोस, पातं तुटेल नाहीतर तुकडे तसेच राहतील. गिरणीत ते दळलं जातं म्हणून आई घालते, तू चांगली हळद पावडर शेवटी मिसळ. हिंगाचा आकडा मी मुद्दाम दिला नाही, कारण बाजारातल्या हिंग पावडरमध्ये पीठ किंवा डिंक मिसळलेला असतो आणि ब्रँडप्रमाणे त्याचा जोर बदलतो. आई खडा वापरत असेल तर तू मसाल्यात हिंग घालूच नको, सांबाराच्या फोडणीत घाल, तिथे कमी-जास्त करता येतं.

भाजण्याबद्दल. आईने भाजते असं लिहिलं तर प्रत्येक जिन्नस वेगळा भाज, एकत्र नाही, मेथी जळते तेव्हा हरभराडाळ अजून कच्ची असते. इंडक्शनची एक खोड लक्षात ठेव, कमी आचेवर ठेवलं की बरेचसे इंडक्शन आच सलग मंद ठेवत नाहीत, चालू-बंद होत राहतात, आणि चालू होतं तेव्हा पातळ तव्याच्या मधोमध एकदम तापतं. त्यामुळे हॉस्टेलवर मेथी जळायचा धोका गॅसपेक्षा जास्त. जाड बुडाचं भांडं घे, ते आधी तापू दे आणि मेथी सगळ्यात शेवटी, इंडक्शन बंद करून, भांड्याच्या उरलेल्या उष्णतेवर भाज. सतत हलव. मेथी आधी पिवळी असते, मग मधासारखी होते, तिथे खमंग वास येतो, आणि तिथून विटेच्या रंगावर जायला काही सेकंद लागतात. मधाच्या रंगावर ताटात काढ. आईने पाठवलेले दाणे त्यापेक्षा गडद असतील तर तिच्या रंगावर ने, तिच्या हातची चव तुला हवीये, माझ्या नाही. डाळी रंग बदलायला लागल्या आणि दाताखाली कटकन तुटायला लागल्या की झाल्या. धण्याचं मात्र रंगावरून नीट कळत नाही, वासावरून कळतं, कच्चा गवतासारखा वास जाऊन मोहरल्यासारखा सुवास खोलीत आला की लगेच उतरव, धूर दिसला तर उशीर झालाय. मिरच्या नुसत्या गरम करून कुरकुरीत करायच्या, काळा डाग पडू द्यायचा नाही. कढीपत्ता धुतला असशील तर आदल्या दिवशी कागदावर पसरून पूर्ण सुकव, त्याचा ओलावा राहिला की मसाल्याच्या गुठळ्या होतात आणि लवकर कुबट वास येतो.

आई भाजत नाही, फक्त वाळवते, असं उत्तर आलं तर हॉस्टेलच्या खिडकीतल्या उन्हावर मिक्सरला दळण्याएवढं वाळणार नाही. मग कोमट भांड्यात फक्त ओल जाईपर्यंत हलव, रंग आणि वास बदलायच्या आत काढ, आणि सांबार करताना मसाला चिंचेच्या पाण्यात ८-१० मिनिटं उकळू दे आणि मगच शिजलेली डाळ घाल.

सगळं पूर्ण थंड झाल्यावर दळ. आधी डाळी आणि मेथी, त्या कडक असतात, मग मिरच्या आणि धणे. मिक्सर सलग फिरवू नको, थांबून थांबून, भांडं हाताला गरम लागलं तर पाच मिनिटं सोडून दे, नाहीतर वासाचं तेल तिथेच उडतं.

आता पडताळणी, आणि यासाठीच आईच्या डब्यातला ५० ग्रॅम मसाला मागवायला सांगितला. दोन वाट्यांत सारखं गरम पाणी घे, एकीत अर्धा चमचा तिचा, दुसरीत अर्धा चमचा तुझा, ढवळून पाच मिनिटं ठेव. आधी बघ, मग हुंग, मग चमच्याच्या टोकाने चाख. तुझं पाणी जास्त दाट आणि खाली पिठासारखा गाळ जास्त असेल तर डाळ जास्त. गिळल्यावर जिभेच्या मागे कडू राहत असेल तर मेथी, आणि त्यात जळकट वासही असेल तर मेथी प्रमाणात असून जास्त भाजली गेलीय. तिखट जास्त लागत असेल तर मिरची किंवा मिरी जास्त. आईच्या वाटीतून वास येतो आणि तुझ्यातून येत नाही, पण चव ठीक, असं असेल तर धणे जुने मिळालेत, दुसऱ्या दुकानातून घे, मापाला हात लावू नको. फक्त एवढं ध्यानात ठेव की आईचा मसाला महिना-दोन महिन्यांचा असेल आणि तुझा आजचा, म्हणून तुझा थोडा जास्त तीव्र लागणारच, तेवढ्यावरून माप कमी करू नको. दळून झाल्यावर एक दिवस बंद डब्यात ठेवून मग तुलना केलीस तर जास्त बरोबर कळेल.

आणि ही तुलना पाण्यातच कर, सांबारात नको. सांबारात चिंच किती, गूळ घातला का, डाळ किती शिजली, शेंगा की भोपळा, यांनी चव एवढी बदलते की मसाल्याचा दोष सापडत नाही. पाण्यात मसाला जुळला आणि सांबार तरीही आईसारखं लागलं नाही तर मग चिंच-गुळाचं विचार, तो वेगळा विषय.

एका वेळी एकच गोष्ट बदल. मेथी आणि डाळ दोन्ही एकदम कमी केलीस तर कशाने सुधारलं ते कळणार नाही. तुझ्या केसमध्ये मी आधी डाळीचा गोंधळ मिटवला असता, मग मेथीचा.

तुझा मसाला तयार झाला की त्यातला थोडा, दुहेरी पिशवीत घट्ट बांधून, आईला पाठव. आईला माप सांगता येत नसलं तरी चाखून चूक नक्की सांगता येते, अम्मा चिमूटभर तळहातावर घेऊन जिभेला लावायच्या आणि "मेथी पुढे गेलीय" असं सांगायच्या, आणि काट्यावर बघितलं की खरंच २-३ ग्रॅम पुढे गेलेली असायची. पुडीवर तारीख आणि मेथीचे, डाळीचे ग्रॅम पेनाने लिही आणि तेच तुझ्या वहीत उतरवून ठेव, म्हणजे तिचं उत्तर "मेथी जरा कमी कर" असं आलं की कितीवरून कमी करायची ते तुझ्याकडे लिहिलेलं असेल.